ओपीडीत पावणेतीन तास थांबावे लागलेल्या रुग्णाच्या तक्रारीला उत्तर कसे लिहावे?

दप्तरदार

मी एका तालुक्याच्या गावी बावीस खाटांच्या खासगी रुग्णालयाचे व्यवस्थापन पाहतो. गेल्या आठवड्यात आलेल्या एका तक्रारीला लेखी उत्तर द्यायचे आहे आणि दोन मसुदे समोर असूनही एकही पाठवावासा वाटत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

घटना अशी. मधुमेह असलेल्या अडुसष्ट वर्षांच्या एका बाईंना फिजिशियनकडे सकाळी अकराची वेळ दिली होती. त्या मुलाबरोबर दहा पन्नासला आल्या, तशी नोंदवहीत नोंद आहे. सव्वाअकराला डॉक्टरांना वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात एका तातडीच्या रुग्णासाठी बोलावले गेले आणि ते पाच कमी एकला खाली आले. बाईंच्या आधी तिघे जण होते, त्यामुळे त्यांचा नंबर पावणेदोनला लागला. त्याआधी, एकच्या सुमारास, त्यांना घाम फुटून गरगरल्यासारखे झाले. नर्सने लगेच ग्लुकोमीटरवर साखर पाहिली, ती 62 आली. साखरपाणी दिले, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिली तेव्हा ती 98 होती. डॉक्टरांनी तपासून औषधाचा डोस बदलला आणि त्या घरी गेल्या. आता त्या ठीक आहेत.

मुलाने ईमेलने तक्रार केली आहे. त्याचे म्हणणे असे की, चार वेळा विचारले आणि चारही वेळा काउंटरवरून 'पाचच मिनिटे' असे उत्तर मिळाले, डॉक्टर वर गेले आहेत हे कोणी सांगितलेच नाही, 'तुमच्या निष्काळजीपणामुळे आईची साखर उतरली आणि ती मरता मरता वाचली', लेखी माफी आणि भरपाई द्या, अन्यथा ग्राहक आयोगात जाईन.

मी लिहिलेला मसुदा: 'आमच्या ढिसाळ नियोजनामुळे आपल्या मातोश्रींची साखर कमी झाली, याबद्दल आम्ही मनापासून माफी मागतो. असा प्रकार पुन्हा कधीही घडणार नाही याची हमी देतो.' हा पाहून आमच्या मालक डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

त्यांच्या ओळखीच्या वकिलांनी पाठवलेला मसुदा: 'आपण केलेले सर्व आरोप खोटे, खोडसाळ व बिनबुडाचे असून ते आम्हांस मान्य नाहीत.' हा पाहून मी कपाळाला हात लावला, कारण बाई पावणेतीन तास बसल्या होत्या हे आमच्याच वहीत लिहिलेले आहे.

गोल्डन अवर

मी स्वतः दवाखाना चालवतो आणि माझा नियम साधा आहे: लेखी स्वरूपात 'सॉरी' हा शब्द कधीही द्यायचा नाही. तोंडी हवे तितके बोला. लेखी द्यावेच लागले, तर पत्राच्या वर 'आमच्या हक्कांना बाधा न येता' अशी ओळ टाका. ती असली की ते पत्र न्यायालयात वापरता येत नाही, हे मला माझ्या एका वकील मित्राने सांगितले आहे.

सनदधारी

आपल्या मित्राने अर्धी गोष्ट सांगितली आहे. दिवाणी वादात तडजोडीची बोलणी चालू असताना, ही बोलणी पुराव्यात येणार नाहीत या अटीवर केलेल्या कबुलीला कायद्याने संरक्षण आहे. पूर्वी ते 1872 च्या पुरावा कायद्यात होते आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. परंतु ते संरक्षण तडजोडीच्या बोलण्यांना आहे, त्या एका ओळीला नाही. साध्या तक्रारीच्या उत्तरावर ती ओळ छापली म्हणून खालचा मजकूर अदृश्य होत नाही. शिवाय अडुसष्ट वर्षांच्या बाईंना लिहिलेल्या विचारपूस करणाऱ्या पत्राच्या माथ्यावर ती ओळ कशी दिसेल, याचाही विचार करावा.

दुसरे असे की, इंग्लंडप्रमाणे 'माफी मागणे म्हणजे दायित्व मान्य करणे नव्हे' असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. त्यामुळे पत्रातील प्रत्येक वाक्य आपल्याला आयोगापुढे मोठ्याने वाचून दाखवले जाणार आहे, असे समजूनच लिहावे. अर्थात कबुली म्हणजे निर्णायक पुरावा नव्हे, तिचे स्पष्टीकरण देता येते. पण स्पष्टीकरण देत बसण्याची वेळ का आणावी?

चिंचवडची लेक

हा धागा वाचून फार वाईट वाटले. रुग्णाला गोड बोलून कसे गुंडाळावे, याची ही शिकवणी चालली आहे असे मला वाटते. मागच्या वर्षी माझ्या वडिलांना घेऊन मी एका मोठ्या रुग्णालयात चार तास बसले होते. तक्रार केल्यावर आठ दिवसांनी उत्तर आले: 'आपल्याला काही गैरसोय झाली असल्यास क्षमस्व.' झाली असल्यास! मी चार तास लाकडी बाकावर बसले होते, आणि त्यांना अजून ते झाले की नाही याचीच शंका. त्या 'असल्यास'ने मला त्या चार तासांपेक्षा जास्त राग आणला.

जुना अधीक्षक

चिंचवडच्या ताईंनी रागाच्या भरात या धाग्यातील सर्वांत उपयोगी गोष्ट सांगितली आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. मी बत्तीस वर्षे रुग्णालयांच्या प्रशासनात होतो आणि तक्रारींची शेकडो उत्तरे लिहिली, त्यातली पहिली काही वर्षांची आज वाचवत नाहीत.

या तक्रारीत तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत आणि उत्तर लिहिण्यापूर्वी ती गाठ सोडवली पाहिजे. पहिली गोष्ट म्हणजे बाईंना अकराची वेळ देऊन पावणेदोनला तपासले. दुसरी म्हणजे त्यांना कोणी नीट सांगितले नाही. तिसरी म्हणजे त्यांची साखर उतरली. पहिल्या दोन गोष्टी घडलेल्या आहेत, आपल्या नोंदींत आहेत, आणि त्या नाकारणे हा नुसता उद्धटपणा नव्हे तर मूर्खपणाही आहे. उद्या वही आयोगापुढे आली की 'सर्व आरोप खोटे' लिहिणाऱ्याच्या बाकीच्या खऱ्या वाक्यांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

तिसरी गोष्ट वेगळी आहे. साखर उतरली हे खरे, परंतु ती कशाने उतरली याचे उत्तर आपल्यापैकी कोणाजवळ नाही. सकाळी डोस किती घेतला, नाश्ता किती वाजता आणि काय केला, मूत्रपिंडाचे काय, डोस मुळातच जास्त होता का, जेवण लांबले त्याचा वाटा किती, हा वैद्यकीय निदानाचा प्रश्न आहे. डॉक्टरांनी त्या दिवशी डोस बदलला, यावरूनच दिसते की यात थांबण्याखेरीजही काही असू शकेल. असे असताना व्यवस्थापकाने 'आमच्यामुळे साखर उतरली' असे लिहिणे म्हणजे सहानुभूतीच्या नावाखाली स्वतः निदान करणे होय.

दप्तरदार, आपला मसुदा पुन्हा वाचा. त्यातला 'माफी' हा शब्द तितका जड नाही, जड आहे तो 'मुळे'. 'नियोजनामुळे साखर कमी झाली' या चार शब्दांत आपण दोषही मान्य केला आणि त्या दोषाचा परिणामही. आपल्या भाषेत दायित्व बहुतेक वेळा या 'मुळे'च्या पोटात असते. 'आपल्याला इतका वेळ थांबावे लागले आणि त्यातच आपल्याला बरे वाटेनासे झाले, याचा आम्हांला मनापासून खेद आहे' या वाक्यात दोन्ही घटना आहेत, दोन्हींबद्दल खेद आहे, पण एकीने दुसरी घडवली असे विधान नाही. 'त्रास झाल्याबद्दल' आणि 'त्रास दिल्याबद्दल' यांतही असाच फरक आहे.

आणि 'हमी' काढून टाका. उद्या पुन्हा अतिदक्षता विभागातून बोलावणे आले तर डॉक्टर वर जाणारच आहेत आणि जायलाच हवे. जी हमी पहिल्याच तातडीच्या रुग्णाला मोडणार आहे ती लिहू नये.

गोल्डन अवर

मग उत्तरात एवढे तरी लिहावे की, मधुमेही रुग्णाने बाहेर पडताना खाण्याचे काहीतरी जवळ ठेवणे ही रुग्णाची स्वतःची जबाबदारी आहे. हे वैद्यकीयदृष्ट्या शंभर टक्के खरे आहे आणि प्रत्येक मधुमेह्याला आपण सांगतोच.

जुना अधीक्षक

सल्ला म्हणून ते खरे आहे, उत्तर म्हणून ते घातक आहे. जी गाठ आपण स्वतःविरुद्ध मारायची नाही, ती रुग्णाविरुद्धही मारायची नाही. आपण 'कारण आम्हांला ठाऊक नाही' या भूमिकेवर उभे आहोत, त्याच पत्रात 'कारण तुम्ही बिस्किटे आणली नाहीत' असे लिहिले की ती भूमिका पडली. आणि तक्रारदार आयोगाकडे निघालेला नसेल, तर या वाक्यानंतर नक्की निघेल.

लीड्सकर

मी येथे एका रुग्णालयाच्या तक्रार कक्षात काम करते. इंग्लंडमध्ये 2006 च्या कॉम्पेन्सेशन अॅक्टमध्येच म्हटले आहे की, माफी मागितली किंवा उपचार देऊ केले म्हणजे तेवढ्यावरून निष्काळजीपणा मान्य केला असे होत नाही. तक्रार मिळाल्याची पोच कामाच्या तीन दिवसांत द्यावी लागते आणि रुग्णाला इजा पोहोचलेली गंभीर घटना असेल, तर उघडपणे सांगून माफी मागणे हे संस्थेचे कायदेशीर कर्तव्यच आहे. त्यामुळे आम्ही पहिल्या ओळीतच माफी मागतो. आपल्याकडेही निःसंकोचपणे मागावी असे मला वाटते. वकिलांच्या भीतीने लिहिलेले पत्र लगेच ओळखू येते.

सनदधारी

ताई, तिथे कायद्याची ढाल आहे म्हणून आपण निःसंकोच होऊ शकता. इथे ती नाही, हे मी वर लिहिलेच आहे. तरीही भीतीने लिहिलेले पत्र ओळखू येते, हे आपले म्हणणे मला मान्य आहे.

दप्तरदारांना दोन व्यावहारिक गोष्टी सांगतो. ग्राहक आयोगाची धमकी पोकळ समजू नका. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच स्पष्ट केले आहे. 2019 च्या कायद्याखाली मुदत दोन वर्षांची आहे, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही पडत नाही. तपासणी फीसाठी कोणी कशाला जाईल, असे समजू नये. घरबसल्या ऑनलाइन दाखल करता येते आणि वकील लागतोच असे नाही. मात्र उशीर झाला म्हणजे वैद्यकीय निष्काळजीपणा झाला असे आपोआप ठरत नाही, तक्रारदाराला उणीव आणि तिच्यामुळे झालेले नुकसान दोन्ही दाखवावे लागतात. म्हणूनच त्या दोहोंना जोडणारा पूल आपण आपल्या हाताने बांधून देऊ नये.

दुसरी गोष्ट विम्याची. डॉक्टरांची आणि रुग्णालयाची व्यावसायिक दायित्वाची पॉलिसी असेलच, तिच्या अटी काढून वाचा. विमा कंपनीच्या लेखी संमतीवाचून दायित्व मान्य करू नये, भरपाई देऊ करू नये किंवा तसे वचन देऊ नये, अशी अट अशा पॉलिसीत सहसा असते. भरपाईची लेखी मागणी आली आहे, तेव्हा कंपनीला आत्ताच कळवा. उत्तर पाठवून झाल्यावर कळवले तर उद्या दावा नाकारायला त्यांना आयतेच निमित्त मिळेल.

दप्तरदार

विम्याचे माझ्या डोक्यातच आले नव्हते. आज पॉलिसी काढून पाहिली, ती अट शब्दशः आहे. एजंटाला फोन केला आणि तक्रारीची प्रत ईमेलने पाठवली.

पण आता एक नवीनच भानगड कळली आहे. आमच्या काउंटरवरच्या मुलीने त्याच संध्याकाळी त्या मुलाला व्हॉट्सअॅपवर आवाजी संदेश पाठवला होता: 'दादा, चूक आमचीच झाली, आईंना सॉरी सांगा.' मालक म्हणतात की तिला तो लगेच पुसायला सांगा.

सनदधारी

पुसू नका. तो त्यांच्या फोनवर असेल, कदाचित जपूनही ठेवला असेल, आणि पुसल्याची खूण मात्र आपल्याविरुद्ध बोलेल. कर्मचाऱ्याने कामाच्या ओघात केलेले विधान मालकाची कबुली धरले जाऊ शकते, हा धोका मी नाकारत नाही.

जुना अधीक्षक

धोका आहे, पण त्या संदेशात 'चूक' कशाची याचा उल्लेखच नाही. ती मुलगी काउंटरवर बसते, तिला साखरेच्या कारणांतले काय कळणार? तिने 'पाचच मिनिटे' चार वेळा सांगितले त्याची तिला टोचणी लागली असणार, आणि तसा अर्थ लावणे स्वाभाविक आहे. मी तर म्हणेन, त्या घरात आपल्याबद्दल थोडीफार माया उरली असेल तर ती त्या संदेशापुरतीच. तिला झापू नका. फक्त यापुढे लेखी किंवा आवाजी उत्तर एकाच व्यक्तीकडून जाईल असे ठरवा.

पुसण्यावरून आठवले म्हणून लिहितो. नोंदवही, अतिदक्षता विभागातील डॉक्टर आल्या-गेल्याच्या वेळा, नर्सने साखरेचे आकडे जिथे लिहिले तो कागद, सगळ्याच्या प्रती आजच काढून बाजूला ठेवा. सीसीटीव्हीचे चित्रण काही आठवड्यांत आपोआप पुसले जाते, ते त्या दिवसापुरते उतरवून घ्या. आणि कोणी कितीही आग्रह केला तरी वहीत आता एक अक्षरही घालू नका. मी एका ठिकाणी पाहिले आहे: उशीर चाळीस मिनिटांचा होता, कोणी काही म्हटले नसते, पण कोणीतरी वेळेवर व्हाइटनर लावले आणि मग चाळीस मिनिटांबद्दल कोणी बोललेच नाही, सगळे व्हाइटनरबद्दलच बोलले.

दप्तरदार

नर्सने आकडे एका सुट्या चिठ्ठीवर लिहिले होते, ती केसपेपरला टाचलेली सापडली. चित्रण उतरवून घेतले आहे. वरील सूचना धरून लिहिलेला नवा मसुदा देतो. कृपया निर्दयपणे वाचावा.

'श्री. … यांस,
सादर नमस्कार.

दि. … रोजी आपल्या मातोश्रींना सकाळी अकराची वेळ दिलेली असताना त्यांची तपासणी दुपारी पावणेदोन वाजता झाली, हे आम्ही आमच्या नोंदींवरून पडताळून पाहिले आहे. या वयात उपाशीपोटी इतका वेळ बसून राहणे किती कष्टाचे असते याची आम्हांला जाणीव आहे. त्यातच त्यांची साखर 62 पर्यंत खाली आली, तेव्हा आपल्या जिवाची किती घालमेल झाली असेल हे आम्ही समजू शकतो. त्यांना झालेल्या या त्रासाचा आम्हांला मनापासून खेद आहे.

त्या दिवशी सव्वाअकरा वाजता डॉक्टरांना अतिदक्षता विभागातील हृदयविकाराच्या झटक्याने दाखल झालेल्या एका रुग्णाकडे जावे लागले व ते एक वाजण्याच्या सुमारास परतले. याची स्पष्ट कल्पना प्रतीक्षाकक्षात बसलेल्यांना वेळीच द्यायला हवी होती. ती आपल्याला मिळाली नाही, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'

पुढे काय बदल केले ते लिहायचे आहे.

जुना अधीक्षक

पुष्कळच सुधारले आहे. चार गोष्टी खटकतात.

'उपाशीपोटी' हे आपल्याला कोणी सांगितले? बाईंनी साडेआठला नाश्ता केला असेल किंवा नसेल, आपल्याला ठाऊक नाही. पत्रात कणव आणण्यासाठी घातलेला हा एक शब्द उद्या 'रुग्ण उपाशी आहे हे रुग्णालयाला माहीत होते' असा वाचला जाईल. सहानुभूती माहीत असलेल्या गोष्टींवरच उभी करावी, कल्पनेने रंगवू नये.

'साखर 62' हा आकडा मुलाला लिहिलेल्या पत्रात नको. तो बाईंच्या प्रकृतीचा तपशील आहे आणि त्या स्वतः सज्ञान आहेत. मुलगा बरोबर होता, त्याला आकडा ठाऊक असेल, तरीही बाईंच्या संमतीवाचून तो लेखी देऊ नये. मी तर पत्रच त्यांच्या नावाने लिहीन. त्रास त्यांना झाला आणि आतापर्यंत सगळे मुलाशीच बोलत आहेत. नोंदींची प्रत त्यांनी मागितली तर मात्र ती 72 तासांत द्यावीच लागते, तिथे टाळाटाळ करू नका.

'हृदयविकाराच्या झटक्याने दाखल झालेला रुग्ण' हे तर मुळीच नको. तालुक्याचे गाव आहे. त्या दिवशी कोणाला झटका आला होता हे निम्म्या बाजारपेठेला ठाऊक असेल. 'दाखल असलेल्या एका तातडीच्या रुग्णाकडे' एवढे पुरे, आणि तेही कारण म्हणून सांगायचे, ढाल म्हणून नव्हे. म्हणजे ते खेदाच्या वाक्यानंतरच यावे, जसे आपण ठेवले आहे. कारण आधी आणि खेद नंतर असा क्रम लावला की तेच शब्द सबबीसारखे वाचले जातात.

चौथी गोष्ट पत्राबाहेरची आहे. पत्र पाठवण्याआधी डॉक्टरांनी स्वतः बाईंना फोन करून 'आता तब्येत कशी आहे, नवीन डोस मानवला का, पुन्हा कधी गरगरले का' हे विचारावे. हा फोन तक्रारीचा नसून उपचाराचा आहे. कारण काय, चूक कोणाची, यावर त्यात बोलू नये, आणि केसपेपरवर फोनची नोंद करावी.

सनदधारी

वरील चारही मुद्दे मान्य. माझा आक्षेप 'द्यायला हवी होती' या शब्दांना आहे. ही कर्तव्य चुकल्याची सरळ कबुली आहे. 'ती माहिती आपल्यापर्यंत वेळीच पोहोचली नाही, याचा खेद आहे' असे लिहिले तर घटना तीच राहते आणि कर्तव्याची भाषा निघून जाते.

जुना अधीक्षक

इथे मी आपल्याशी सहमत नाही. प्रतीक्षाकक्षात सांगायला हवे होते, हे शेंबडे पोरही सांगेल. ते मान्य केल्याने साखरेच्या प्रश्नावर काहीही मान्य होत नाही, उलट जिथे दोष उघड आहे तिथे तो सरळ स्वीकारल्याने बाकीच्या पत्राला वजन येते. 'पोहोचली नाही' म्हणजे काय, माहिती रस्त्यात हरवली का? चिंचवडच्या ताईंना जसे 'असल्यास' बोचले तसे हे बोचेल.

सनदधारी

आपण पत्राकडे वाचणाऱ्याच्या बाजूने पाहता आणि मी ते उलटतपासणीत हातात धरून पाहतो. माझ्या मते 'माहिती दिली गेली असती तर त्यांनी मध्ये काही खाल्ले असते' हा युक्तिवाद त्या वाक्यावरूनच सुरू होईल, आणि मग आपला न बांधलेला पूल दुसऱ्या बाजूने बांधला जाईल. निर्णय दप्तरदारांच्या पॉलिसीवर आणि विमा कंपनीच्या वकिलावर सोडावा.

जुना अधीक्षक

हा युक्तिवाद माझ्या लक्षात आला नव्हता, हे कबूल करतो. तरीही मी ते वाक्य ठेवले असते.

चिंचवडची लेक

मी आधी रागाने लिहिले होते, पण नवा मसुदा मला पहिल्या दोहोंपेक्षा खरा वाटला. रुग्णाच्या बाजूने एक सांगते. मला पैसे नको होते. माझ्या वडिलांच्या जागी उद्या बसणाऱ्या माणसाला कोणीतरी येऊन सांगेल का, एवढेच जाणून घ्यायचे होते. तेव्हा बदल लिहाल तो दिसेल असा लिहा. 'योग्य ती दक्षता घेण्यात येईल' हे वाक्य आम्ही सरकारी पाटीसारखे न वाचताच पुढे जातो.

गोल्डन अवर

तपासणीची फी परत करावी का? माझ्या मते पाचशे रुपये परत करून विषय मिटवावा.

सनदधारी

विम्याच्या अटीत 'देऊ करणे'ही येते, म्हणून आधी कंपनीला विचारावे. त्यांनी होकार दिला तर 'सद्भावना म्हणून' असे स्पष्ट लिहून, माफीच्या वाक्यापासून दूर, वेगळ्या परिच्छेदात द्यावे. 'भरपाई' हा शब्द नको. आणि त्या बदल्यात 'आता तक्रार नाही' असे लिहून घेण्याचा मोह टाळावा. पाचशे रुपयांत सही मागणारे रुग्णालय कोणालाच चांगले दिसत नाही. मात्र प्रत्यक्ष वकिलाची नोटीस आली, तर त्यानंतर आपण स्वतः एक ओळही लिहू नये. नोटीस विमा कंपनीकडे आणि वकिलाकडे द्यावी, आणि ती अनुत्तरित राहू देऊ नये.

दप्तरदार

सर्वांचे आभार. काय झाले ते सांगतो.

डॉक्टरांनी परवा बाईंना फोन केला. पहिली दोन मिनिटे त्या काही बोलल्याच नाहीत, मग नव्या डोसबद्दल विचारू लागल्या आणि फोन अठरा मिनिटे चालला. विमा कंपनीच्या वकिलाने मसुदा पाहिला. 'द्यायला हवी होती' त्यांनी कापले, 'वेळीच मिळाली नाही' ठेवले. फी परत करण्याला त्यांनी अजून होकारही दिलेला नाही आणि नकारही, त्यामुळे पत्रात पैशांचा उल्लेख नाही. भरपाईच्या मागणीबद्दल 'आपली मागणी आमच्याकडे नोंदवली असून तिच्याबाबत स्वतंत्रपणे कळवू' एवढेच लिहिले.

बदलांचा परिच्छेद असा गेला: 'सोमवारपासून डॉक्टर तातडीच्या कामासाठी वर गेले की काउंटरशेजारच्या फळ्यावर त्यांची जाण्याची वेळ लिहिली जाते आणि दर अर्ध्या तासाने कर्मचारी बसलेल्यांना येऊन सांगतात. थांबायचे की दुसरी वेळ घ्यायची, हे त्यावरून ठरवता येईल. नावनोंदणीच्या वेळी मधुमेह आहे का आणि शेवटचे खाणे कधी झाले, हेही आता विचारले जाते.' हे सगळे सोमवारी खरोखर सुरू केले आणि मगच लिहिले. फळ्यावर वेळ लिहायचे काम काउंटरवरच्या त्याच मुलीने मागून घेतले.

पत्र बाईंच्या नावाने, छापून, पाकिटात घालून मी स्वतः नेऊन दिले. काल मुलाचा दोन ओळींचा ईमेल आला: 'पत्र आईने वाचले. भरपाईचे काय ते कळवा.' कंपनीकडून अजून उत्तर नाही. उद्या पुन्हा फोन करणार आहे.